नोकरी न सोडता शिक्षकी पेशा आजमावून कसा बघायचा

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दरवर्षी बी.एड.च्या सीईटीचे अर्ज सुटायची वेळ आली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. कुणी बँकेत असतं, कुणी आयटीत, कुणी विमा कंपनीत. प्रश्न एकच असतो: "नोकरी सोडून शिक्षक व्हायचं मनात आहे, फॉर्म भरू का?" आणि माझं उत्तरही एकच असतं. फॉर्म भरायच्या आधी चार-पाच महिने हाताशी घ्या, नोकरी चालू ठेवा आणि शिक्षकाचं काम प्रत्यक्ष करून बघा. त्यासाठी थोड्या रजा आणि थोडे शनिवार-रविवार द्यावे लागतात, पैसे जवळजवळ लागत नाहीत.

एवढा आग्रह धरण्याचं कारण असं, की या क्षेत्रात उशिरा कळलेली गोष्ट फार महाग पडते. बी.एड. सध्या दोन वर्षांचं आणि पूर्णवेळ आहे. नोकरी सांभाळून ते प्रामाणिकपणे करता येत नाही. त्यात वीस आठवड्यांचा शाळेतला अनुभव असतो, पण त्यातले चारच आठवडे पहिल्या वर्षी येतात आणि सोळा दुसऱ्या वर्षी. म्हणजे रोजच्या रोज वर्गावर उभं राहणं आपल्याला झेपतं का, हे कळेपर्यंत राजीनामा देऊन वर्ष उलटून गेलेलं असतं आणि फी भरलेली असते. ते चार आठवडे आधीच, स्वतःच्या जोरावर मिळवायचे.

पुढे जे सांगते आहे त्यात माझ्या मावसबहिणीचं उदाहरण अधूनमधून येईल. ती पुण्यात एका विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम करते. वय पस्तिशीचं, बी.एस्सी. झालेली, गणिताची आवड. तिने हे सगळं पायरीपायरीने केलं.

आधी नेमकं काय आजमावायचं ते ठरवा

"शिक्षक व्हायचंय" एवढं पुरत नाही. पहिलीच्या मुलांना अक्षरओळख करून देणं आणि नववीला बीजगणित शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही पदविका लागते. बी.एड. केलं की प्राथमिकलाही चालेल असं बरेच जण अजून समजतात, पण ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निकाल दिला. शिवाय पहिली ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते, आणि पहिली ते पाचवीचा पेपर वेगळा, सहावी ते आठवीचा वेगळा. म्हणून आजमावायचं ते ज्या वयाच्या मुलांना पुढे शिकवणार त्याच वयाच्या मुलांबरोबर. पाचवीतल्या गोड पोरांबरोबर रमलात म्हणून नववीचा वर्ग जमेल असं काही नाही, आणि उलटही तसंच.

मग एका कागदावर दोन-तीन प्रश्न लिहा. त्यांच्या उत्तरावर तुमचा निर्णय फिरला पाहिजे, असेच प्रश्न घ्या. बहिणीने लिहिलेले तीन होते. न समजलेल्या मुलाला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना माझा संयम टिकतो का? शिकवण्याच्या तासाबाहेरचं काम, म्हणजे वह्या, नोंदी, तयारी, मी महिनोन्‌महिने करू शकेन का? सुरुवातीच्या पगारात घर चालेल का? प्रत्येक प्रश्नासमोर तिने आधीच लिहून ठेवलं, की काय दिसलं तर मी हा विचार सोडून देईन. दुसऱ्या प्रश्नासमोर तिचं वाक्य होतं: "सलग तीन आठवडे वह्या न तपासता तशाच परत दिल्या, तर थांबायचं." हे आधी लिहून ठेवणं फार गरजेचं आहे. एकदा मुलांचा लळा लागला की माणूस समोर दिसणाऱ्या गोष्टीचाही आपल्याला हवा तसा अर्थ लावतो.

कार्यालयाचं आणि शाळेचं वेळापत्रक एकत्र मांडा

नेमणुकीचं पत्र काढून वाचा. बहुतेक खासगी कंपन्यांच्या पत्रात दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करायचा नाही असं कलम असतं. विनामोबदला, सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवणं सहसा त्यात अडकत नाही, पण एचआरला दोन ओळींची मेल टाकून लेखी होकार घेतलेला बरा. पैसे घेऊन शिकवणी चालवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर आधी वर्तणूक नियम बघा आणि कार्यालयप्रमुखांना विचारा.

आता शाळेचं वर्ष बघा. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. पहिले काही आठवडे प्रवेश आणि पुस्तकवाटपाच्या गडबडीत जातात. जुलै ते सप्टेंबर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पहिले काही आठवडे शिकवण्याचा खरा जोर असतो. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात शाळा बघायला गेलात तर सगळे खूश दिसतील, आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. साधा, काहीही विशेष नसलेला मंगळवार किंवा बुधवार निवडा.

एका शिक्षकाच्या मागे पूर्ण दिवस

पहिलं काम म्हणजे एखाद्या शिक्षकासोबत सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहणं. परवानगी मिळवणं वाटतं तेवढं अवघड नसतं. ओळखीच्या शिक्षकांमार्फत मुख्याध्यापकांना भेटा आणि एका पानाचा अर्ज द्या: मी कोण, कुठे काम करते, कोणत्या वर्गाचे तास बघायचे आहेत, कोणत्या तारखांना. सोबत ओळखपत्राची प्रत जोडा. अर्जातच लिहा, की मुलांचे फोटो काढणार नाही, नावं कुठे वापरणार नाही आणि शाळेच्या माणसाशिवाय मुलांसोबत एकटी थांबणार नाही. मुख्याध्यापकांची अर्धी काळजी या तीन ओळींनी मिटते. एक शाळा नाही म्हणाली तर दुसरीकडे विचारा. परीक्षेच्या तोंडावर मात्र विचारूच नका.

दोन दिवस मागा, एक मधल्या वारचा पूर्ण आणि एक शनिवारचा. परिपाठाच्या आधी पोहोचा आणि शिक्षक निघेपर्यंत थांबा. फक्त गणिताचे तास बघून निघून येणं म्हणजे कामाचा सर्वांत चांगला तुकडा बघून परतणं. शिक्षकाचा ऑफ तास बघायचा असतो. त्या तासाला बहुधा रजेवरच्या सहकाऱ्याच्या वर्गावर जावं लागतं. मधली सुट्टी बघायची, कारण त्या वीस मिनिटांत एक पालक भेटायला येतो, दोन मुलांचं भांडण मिटवायचं असतं आणि ऑनलाइन भरायच्या कुठल्यातरी माहितीची मुदत आजच संपत असते.

वर्गात शेवटच्या बाकावर बसा आणि वही काढा. आमच्याकडे तास पस्तीस मिनिटांचा असतो. त्यातली प्रत्यक्ष शिकवण्याची मिनिटं किती, एवढंच मोजा. बहिणीने सातवीच्या एका तासाची नोंद केली ती अशी: मुलं आधीच्या तासावरून स्थिरस्थावर होईपर्यंत चार मिनिटं, गृहपाठ न केलेल्यांची चौकशी पाच मिनिटं, कार्यालयातून नोटीस आली त्यात दोन, मग सतरा मिनिटं सलग शिकवणं, आणि उरलेल्या सात मिनिटांत मुलांनी वहीत गणितं सोडवली. "सतराच मिनिटं शिकवायचं, ताई?" असं तिने मला विचारलं. तो तास चांगला होता. मी तिला म्हटलं, त्या सतरा मिनिटांच्या मागे काय काय होतं ते आता बाईंना विचार.

शिक्षकांना "तुम्हाला हे काम आवडतं का" असं विचारू नका, उत्तर सभ्यपणाचं येईल. गेल्या आठवड्यात कोणतं काम घरी न्यावं लागलं, शेवटचा पालकांशी वाद कशावरून झाला, यंदा शाळेबाहेरची कोणती ड्यूटी लागली, असं विचारा. साठ मुलांचा वर्ग आणि एका वहीला दोन मिनिटं धरली तरी एका वर्गाच्या वह्यांना दोन तास लागतात. असे तीन वर्ग असतील तर हिशेब तुमचा तुम्हीच करा. निवडणूक, जनगणना, मतदारयादी यांची कामं येतात ती वेगळीच.

त्या दिवशी आणखी एक करा. एखादं शांत बसणारं मूल हेरा आणि दिवसभर त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्याला दिवसभरात किती वेळा कुणी नावाने हाक मारली, त्याने वहीत काय लिहिलं, कुठे त्याची गाडी अडली. तुम्हाला त्या मुलाची अस्वस्थता जाणवली आणि घरी जातानाही ते डोक्यात राहिलं, तर ती नोंद जपून ठेवा. फळ्यावर उभ्या असलेल्या बाईंच्या जागी स्वतःला बघून आनंद होणं निराळं आणि त्या मुलाच्या वहीत रस वाटणं निराळं. शिक्षकाला दुसरं लागतं.

दर आठवड्याला तीच मुलं

यानंतरची पायरी स्वयंसेवेची. इथे लोक एक चूक नेहमी करतात: एखाद्या रविवारी एखाद्या संस्थेत जातात, गाणी-खेळ घेतात, मुलं "ताई परत या ना" म्हणतात आणि भारावून घरी येतात. मुलं सगळ्यांनाच परत या म्हणतात. त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही. दहा ते बारा आठवडे, ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच मुलं आणि एकच विषय, असं काम घ्या. पहिले दोन-तीन आठवडे तुमच्या नवेपणावर निघून जातात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुलं तुम्हाला चाचपून बघायला लागतात, कुणी उलट बोलतं, कुणी येईनासं होतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

जागा बऱ्याच असतात. वस्त्यांमधल्या अभ्यासिका, मुंबई-पुण्यातल्या रात्रशाळा, महापालिका शाळांसोबत काम करणाऱ्या संस्था. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून सुरू झालेली 'प्रथम'सारखी मोठी संस्थाही आहे आणि तुमच्या वॉर्डातली दोन खोल्यांची अभ्यासिकाही आहे. या कामासाठी मी छोटी जागा निवडायला सांगते, कारण तिथे तुम्हाला ठराविक मुलांचा गट पूर्णपणे सोपवतात. 'टीच फॉर इंडिया'ची फेलोशिप अनेकांच्या डोक्यात असते. पण ती दोन वर्षांची पूर्णवेळ आहे, म्हणजे नोकरी सोडूनच करायची. तो या क्षेत्रात शिरण्याचा एक रस्ता झाला, आजमावणं नव्हे.

संस्थेशी बोलताना शेवटची तारीख आधीच सांगा, आणि पहिल्या दिवशी मुलांनाही सांगा: मी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत येणार आहे. या मुलांच्या आयुष्यात येऊन मध्येच नाहीशी झालेली मोठी माणसं खूप असतात, त्यांत आपली भर नको. तुम्ही स्वतःचा प्रश्न सोडवायला आला आहात, हे खरं आहे आणि त्यात गैर काही नाही, पण त्याची किंमत मुलांनी मोजता कामा नये. न चुकता जाणं हीसुद्धा एक कसोटी आहे. कार्यालयात महिनाअखेर असताना, बाहेर पाऊस असताना, शनिवारी चार वाजता तुम्ही तिथे असता की निरोप पाठवता, हे वहीत लिहून ठेवा.

अभ्यासिकेतला अनुभव शाळेपेक्षा सौम्य असतो, हेही ध्यानात असू द्या. गट वीस-पंचवीसचा असतो, अभ्यासक्रम वेळेत संपवायचं दडपण नसतं, निकालाची जबाबदारी तुमच्यावर नसते. म्हणून शेवटच्या महिन्यात तिथेच एक छोटा पण पूर्ण प्रकल्प करायचा.

एक घटक, पहिल्यापासून शेवटपर्यंत

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत जास्त सांगून जाणारी पायरी हीच. एक घटक निवडा, तो सहा तासांत शिकवा आणि मुलांना तो किती आला हे पुराव्याने तपासा. बहिणीने पाचवी-सहावीच्या चोवीस मुलांसाठी अपूर्णांक घेतले.

सुरुवात चाचणीने केली. दहा प्रश्न, पंचवीस मिनिटं, गुण सांगायचे नाहीत. प्रश्न साधेच होते: १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता, १/२ + १/३ किती, गोल भाकरीचे तीन समान भाग करून दाखवा, बारा आंब्यांचे दोन तृतीयांश किती. मग त्या चोवीस कागदांचं काय करायचं, इथे मी तिला मुद्दाम थांबवलं. तिला गुण द्यायचे होते. मी म्हटलं, गुण देऊ नकोस, चुकांचे ढीग कर.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर चार ढीग झाले. एका ढिगात नऊ कागद, त्यांत १/२ + १/३ चं उत्तर २/५ होतं, म्हणजे वरचे वर मिळवले आणि खालचे खाली. दुसऱ्यात सात, त्यांच्या मते १/४ मोठा, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. पाच जणांना रीत येत होती पण आकडेमोडीत घसरले होते. तिघांचं सगळं बरोबर होतं. आणि ढीग करताना आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती कुठल्याच ढिगात बसत नव्हती. बऱ्याच मुलांनी भाकरीचे तीन भाग करताना दोन उभ्या रेघा मारल्या होत्या. मधला तुकडा जाडजूड आणि कडेचे दोन बारके. म्हणजे 'समान भाग' हा शब्द मुलांच्या तोंडी होता, पण भाग समान असतात याचा अर्थ पोहोचलाच नव्हता. बेरजेची रीत कितीही घोकून घेतली तरी याच्यावर ती टिकली नसती.

म्हणून तिने पहिले दोन तास बेरीज बाजूला ठेवली. सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या कापून नेल्या आणि मुलांना घड्या घालायला लावल्या. दोन भाग, चार भाग सहज होतात. तीन भाग करताना वर्गात गोंधळ झाला, आणि तो गोंधळच उपयोगी पडला, कारण तीन सारखे भाग करायला मोजावं लागतं हे मुलांना हाताने कळलं. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश पट्टी शेजारी ठेवली तेव्हा सातजणांचा ढीग बराचसा आपोआप सुटला. तिसऱ्या तासाला तिने अर्धी पट्टी आणि तिच्यापुढे तृतीयांश पट्टी ठेवली, आणि खाली पाच भागांतले दोन भाग ठेवून विचारलं: अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? एक मुलगी बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग आपलं चुकलंच की." चौथ्या-पाचव्या तासाला सहा भागांच्या पट्ट्या घेऊन १/२ म्हणजे तीन भाग, १/३ म्हणजे दोन, मिळून ५/६, आणि मग वहीतली गणितं. सहाव्या तासाला तशीच दुसरी चाचणी.

घटक इथे संपला असं समजू नका. दोन आठवडे मध्ये जाऊ द्या आणि न सांगता पुन्हा चाचणी घ्या. सहाव्या दिवशी सगळ्यांनाच येतं. दोन आठवड्यांनी जे उरतं तेच शिकलेलं. बहिणीच्या गटात 'वरचे वर, खालचे खाली' करणारे नऊजण होते, त्यांतले चौघे दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच चुकीवर आले. तिच्यासाठी ते चौघे हीच खरी कसोटी होती. वैताग आला का, मुलंच तशी आहेत असं वाटलं का, की पुढच्या शनिवारी यांच्याबरोबर वेगळं काय करावं याचा विचार सुरू झाला? तिने मला त्या रात्री उशिरा चौघांच्या कागदांचे फोटो पाठवले, नावं झाकून, आणि खाली लिहिलं होतं: "यांना छेद सारखे करायचे हे कळतं, पण का करायचे ते कळत नाहीये." हे वाचून मला तिच्याबद्दल आशा वाटली. चुकीच्या मागचं कारण शोधण्यात जिला रस आहे तिला हे काम मानवतं. तिचं रोजचं काम दाव्यांमधल्या विसंगती शोधण्याचं, तेच कसब इथे दुसऱ्या रूपात उतरलं.

या प्रकल्पात वेळेची नोंद मात्र काटेकोर ठेवा. शिकवण्याच्या प्रत्येक तासामागे तयारीला किती गेला, तपासायला किती गेला. सुरुवातीला तयारीला दुप्पट-तिप्पट वेळ लागतोच, त्याने घाबरू नका. सहाव्या तासापर्यंत तो कमी होतो आहे का ते बघा. अजिबात कमी होत नसेल तर एखाद्या अनुभवी शिक्षकाला टाचण दाखवा. बहुतेकदा आपण एका तासात तीन तासांचं कोंबत असतो.

पैशाचीही चाचणी घ्या

हे सगळं चालू असताना तीन महिने नव्या पगारावर जगून बघा. महाराष्ट्रात शासनाच्या किंवा अनुदानित शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून जातात. २०२३ मध्ये वाढवलेलं मानधन प्राथमिकला महिना १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे. तिथपर्यंत पोहोचायला टेट, म्हणजे टीईटीहून वेगळी असलेली शिक्षक अभियोग्यता परीक्षा, आणि शासनाच्या 'पवित्र' पोर्टलवरची भरती लागते, आणि ती भरती दरवर्षी निघेल याचा भरवसा धरता येत नाही. विनाअनुदानित आणि खासगी शाळांत पगार शाळेगणिक इतका बदलतो, की तिथे शिकवणाऱ्या दोघा-तिघांना समोर बसून विचारण्याला पर्याय नाही.

बहिणीचा हिशेब असा झाला. हातात पगार ६२,००० रुपये. घरखर्चात तिचा वाटा ३८,०००, त्यातले १४,००० घराच्या कर्जाचा हप्ता. बी.एड.च्या चोवीस महिन्यांत उत्पन्न नाही, म्हणजे ९ लाख १२ हजार लागणार. पुढे शिक्षणसेवकाचं मानधन लगेच सुरू झालं असं धरलं, जे धरणं धाडसाचंच आहे, तरी दरमहा २०,००० कमी पडणार. छत्तीस महिन्यांचे ७ लाख २० हजार. दोन्ही मिळून १६ लाख ३२ हजार, आणि फी वेगळी. हा आकडा नवरा-बायकोने एकत्र बसून बघितला पाहिजे. एकट्याने मनात ठेवायचा हा विषय नाही. तिने तीन महिने घरखर्चाला १८,०००च दिले, हप्त्याचे पैसे आधीच्या बचतीतून भरले आणि पगारातले उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकले. दुसऱ्याच महिन्यात कळलं, की हप्ता चालू असेपर्यंत हे जमणार नाही, आणि हप्ता नसता तर ओढाताणीने का होईना जमलं असतं.

नोंदी काय सांगतात ते कसं वाचायचं

शेवटी पहिला कागद काढा आणि समोर नोंदवही ठेवा. थकवा आला म्हणून काम आपल्याला जमणारं नाही असं ठरवू नका. आठवडाभर कार्यालय आणि वर शनिवारचा वर्ग म्हटल्यावर कुणीही थकेल. थकलेलं असताना पुढच्या तासाचा विचार येतो का, ते बघा. शुक्रवारी संध्याकाळपासून उद्याच्या वर्गाची धास्ती वाटत असेल आणि आठव्या-नवव्या आठवड्यातही ती उतरली नसेल, तर ते गांभीर्याने घ्या. शिकवायला आवडतं पण पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणं नकोसं होतं, असं दिसलं तरी हाती काहीतरी लागलं. छोट्या गटांबरोबरचं काम, शैक्षणिक साहित्य तयार करणं, संस्थांमध्ये शिक्षकांसोबत काम करणं अशा वाटा आहेत, आणि त्यांतल्या काहींना बी.एड. लागतही नाही. आणि नोकरीतल्या एखाद्या साहेबाचा वैताग हेच खरं कारण होतं असं लक्षात आलं, तर आधी विभाग किंवा कंपनी बदलून बघा.

काही गोष्टी अशा चाचणीत दिसत नाहीत. संस्थाचालकांचा दबाव, सहकाऱ्यांमधले ताण, दहावीच्या निकालाची टांगती तलवार, हे बाहेरच्या माणसाला कुणी दाखवत नाही. त्यासाठी एकाच शाळेवर विसंबू नका. सोबत राहण्याचा दिवस दोन वेगळ्या प्रकारच्या शाळांत काढा, एक अनुदानित, एक खासगी, आणि दोन्हीकडच्या एखाद्या पाच वर्षांच्या आत लागलेल्या शिक्षकाशी शाळेबाहेर बोला. वीस वर्षं झालेले शिक्षक सुरुवातीचे दिवस विसरलेले असतात.

बहिणीच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं होकाराची आली, तिसऱ्याचं नाही. तिने त्या वर्षी फॉर्म भरला नाही. कर्जाचे हप्ते संपेपर्यंत नोकरी आणि अभ्यासिकेतला शनिवार दोन्ही चालू ठेवायचं असं घरात ठरलं. वर्ग सहावी ते आठवी, विषय गणित, हेही आता पक्कं आहे.

तुमची तीनही उत्तरं होकाराची आली, तर पुढचा क्रम सांभाळा. जुलै ते डिसेंबर हे सगळं उरकलं, तर सीईटीचे अर्ज निघतात तेव्हा निर्णय तयार असतो. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के गुण लागतात, ते आधीच तपासा आणि गुणपत्रिका, जातीचे दाखले असल्यास ते काढून ठेवा. सीईटी दिली म्हणून राजीनामा देऊ नका. निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या पूर्ण व्हायला बरेच आठवडे जातात, आणि हवं ते कॉलेज पहिल्या फेरीत मिळेलच असं नसतं. प्रवेश निश्चित झाल्याची पावती हातात आली की मगच राजीनामा द्या. तुमच्या कंपनीचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल आणि वर्ग त्याआधी सुरू होणार असतील, तर उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटता येतं का, हे सीईटीच्या आधीच एचआरला विचारून ठेवा आणि ती रक्कमही वरच्या हिशेबात धरा.